त्या एका ओळीसाठी, मॅडम

मॅडम,

गेल्या गुरुवारी ग्रुप डिस्कशनला आलेल्या 120 जणांतली मी एक. माझा चेहरा तुम्हाला आठवायचं काही कारण नाही.

आदल्या सोमवारी संध्याकाळी तुमचा फोन आला. "माझा नंबर सेव्ह केलेला नाही का? ब्रॉडकास्ट तुझ्यापर्यंत पोचलेला दिसत नाही." समोरच्याने नंबर सेव्ह केला नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट त्याला जातच नाही, हे मला तेव्हा कळलं. कोणाला पोचलं नाही हे तुम्ही एकेक नाव पाहून शोधलं होतं. याआधी मी जिथे ग्रुप डिस्कशनला गेले होते, तिथे सरळ सगळ्यांचा ग्रुप केला होता. त्यातून आमचे नंबर कुठे कुठे गेले देव जाणे, महिनाभर अनोळखी मुलांचे "हाय" येत होते.

फोनवर मी चाचरत विचारलं, "मॅडम, पंजाबी ड्रेस चालेल का?" तुम्ही म्हणालात, "का नाही चालणार?" आणि दहा मिनिटांत सगळ्यांना सुधारलेला मेसेज गेला. त्यात एक नवी ओळ होती: "इस्त्री केलेला सलवार-कुर्ताही चालेल. ब्लेझर नको, हॉलमध्ये एसी नाही." माझं नाव नाही, "काहींनी विचारलं म्हणून" असंही नाही.

मागच्या वेळी नुसतं "फॉर्मल्स कंपल्सरी" असं होतं. मामेबहिणीचा ब्लेझर घालून गेले, बाह्या तळहातापर्यंत. 15 मिनिटांच्या चर्चेत मी दोन वाक्यं बोलले, बाकी वेळ बाह्या वर ओढत होते. तिथे सगळ्यांना सकाळी 8 ला बोलावलं होतं आणि माझा नंबर लागला 4 वाजता. साधा हिशोब कोणी केला नव्हता. दहा जणांचा एक गट, चर्चा 15 मिनिटं, उठबस आणि गुण टाकायला आणखी 10. बारा गट म्हणजे पाच तास. तुम्ही तो केला होता. "बॅच 9, रिपोर्टिंग 12:40, चर्चा 1:20." लातूरहून रात्रीच्या एसटीने पहाटे पुण्यात वाकडेवाडीला उतरले ती मैत्रिणीच्या खोलीवर गेले, दोन तास झोपले, कुर्त्याला इस्त्री केली. ती चाळीस मिनिटं कागद तपासायला होती, आणि तेवढीच लागली. मूळ मार्कशीट फक्त पाहून परत मिळतील हेही तुम्ही आधीच लिहिलं होतं, नाहीतर आईने त्या घराबाहेर नेऊ दिल्याच नसत्या.

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं करणं, असं मला वाटायचं. तुमच्याकडे तो कामातच होता, वेगळा दाखवावा लागला नाही.

निकाल तुम्हाला माहीतच आहे, त्याबद्दल नाही लिहीत. फक्त एक सांगायचं होतं. माझ्या बॅचमध्ये आम्ही चौघी मुली होतो. त्यातल्या तिघी सलवार-कुर्त्यात होत्या.

तुमची,
बॅच 9 मधली एक