उपरोध काढला, मुद्दाही गेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंचगंगेच्या प्रदूषणावरच्या त्या उपरोधिक अग्रलेखाची ‘संयत’ आवृत्ती कालच्या अंकात वाचली. मूळ लेखाने कुणाकुणाला मिरच्या झोंबल्या ते गावाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. तो शांत सुरात पुन्हा लिहायचं आपण ठरवलंत, यालाही हरकत नाही. मूळ लेखात दोन-तीन ठिकाणी गंमत जास्त आणि नेम कमी होता, हे कबूल करावंच लागेल. हरकत आहे ती काम ज्या रीतीनं उरकलं तिला. कुणीतरी बसून तिखट विशेषणं खोडली, राहिलेला मजकूर जुळवून घेतला आणि पान सोडलं, असं दिसतं. उपरोधावर हा इलाज चालत नाही, कारण उपरोधात तिखट शब्द बहुतेक वेळा नसतातच. तिथे स्तुती असते. मग खोडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही आणि स्तुती तेवढी शिल्लक राहते.

तसंच झालंय. मूळ वाक्य होतं: ‘बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्यावर चौथ्या दिवशी पाण्याचे नमुने घेणाऱ्या यंत्रणेच्या तत्परतेला तोड नाही.’ कालचं वाक्य: ‘मासे मृत झाल्याचे आढळल्यानंतर संबंधित यंत्रणेने तत्परता दाखवत पाण्याचे नमुने घेतले.’ अभिनंदन! ज्यांच्यावर ठपका होता त्यांना आपण प्रशस्तिपत्र दिलंत, तेही संपादकीय पानावर. ‘चौथ्या दिवशी’ हे दोन शब्द कुणाला बोचतील म्हणून काढले, ते कळत नाही. त्या वाक्यात पडताळून पाहता येईल अशी गोष्ट तेवढीच होती. ‘तत्परता’ जायला हवी होती, ‘चौथा दिवस’ राहायला हवा होता. नेमकं उलटं झालं.

हे वाक्य नीट कसं उतरवायचं? आधी वक्रोक्ती सरळ करायची: लेखकाला म्हणायचं आहे की नमुने उशिरा घेतले. मग विचारायचं, उशिरानं काय बिघडलं? उपरोधात हे सांगावं लागत नाही, वाचक हसतो आणि पुढे जातो. सरळ लेखात मात्र सांगावंच लागतं, नाहीतर चार दिवस म्हणजे सरकारी कामात काय मोठंसं, असं कुणीही म्हणेल.

आणि इथे सांगण्यासारखं बरंच आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो. ते जमत नसेल तर बाटली भरल्याबरोबर तिच्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कधर्मी द्रावण घालून प्राणवायू तिथल्या तिथे बांधून ठेवावा लागतो. मासे जगायला तो लिटरला निदान ४ मिलिग्रॅम असावा असं मानतात. चार दिवसांनी गेलेल्या माणसाला ज्या पाण्यात मासे मेले ते पाणी भेटेलच असं नाही. बंधाऱ्याचे बरगे काढलेले असतील तर ते केव्हाच खाली गेलेलं असतं. बरगे घातलेले असतील आणि पाणी तिथेच तुंबलेलं असेल, तरी दुसरी अडचण येते. मेलेले मासेच कुजताना प्राणवायू खातात. म्हणजे आकडा कमी आला, तरी प्राणवायू संपल्यामुळे मासे मेले की मासे मेल्यामुळे प्राणवायू संपला, हे त्या बाटलीवरून सांगता येत नाही.

मग संयत वाक्य असं होतं: ‘मासे मेल्याचं दिसल्यावर चौथ्या दिवशी पाण्याचे नमुने घेतले गेले. इतक्या उशिराच्या नमुन्यावरून मासे कशामुळे मेले ते ठरत नाही. नमुने त्याच दिवशी का घेतले नाहीत, असं विचारल्यावर यंत्रणेनं पुढील उत्तर दिलं.’ आणि खाली ते उत्तर, जसंच्या तसं. उत्तर मिळालं नसेल तर केव्हा विचारलं आणि मिळालं नाही, एवढं लिहायचं. यात एक विशेषण नाही, कुणाचा अपमान नाही आणि कुणाची सुटकाही नाही. कालच्या लेखात त्या यंत्रणेला कुणी काही विचारल्याची खूणसुद्धा नाही. सूर मऊ केला की समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं होतं, असा समज असावा.

आता जयंती नाल्याचं वाक्य. मूळ लेखात ‘वीज सुट्टीवर गेली की नाल्यावरचे पंपही तिच्या सोबतीला जातात’ असं होतं. त्याचं काल ‘तांत्रिक कारणांमुळे काही प्रमाणात सांडपाणी नदीत मिसळण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असं झालं. या वाक्यात कर्ता कुठे आहे? सांडपाणी आपल्या पायांनी चालत आलं? ‘काही प्रमाणात’, ‘शक्यता’ आणि ‘नाकारता येत नाही’ अशी तीन पांघरुणं एकाच वाक्यावर घातली आहेत. मूळ वाक्य विनोदी असलं तरी त्यात वीज, पंप आणि नाला होता. गाळायची होती ती फक्त सुट्टी. जयंती नाल्याचं सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे न्यायचं असतं. वीज गेली किंवा पंप नादुरुस्त झाला की उपसा थांबतो, नाला तुंबतो आणि बांधावरून वाहणारं पाणी प्रक्रियेविना पंचगंगेत पडतं. हे चार ओळींत लिहिता येतं, आणि त्यातून पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात: पर्यायी विजेची सोय आहे का, राखीव पंप किती, ते शेवटचे केव्हा चालवून पाहिले. ‘तांत्रिक कारण’ म्हटलं की यातला एकही प्रश्न उरत नाही.

शंभर वर्षांचंही तसंच. ‘या गतीनं शंभर वर्षांत नदी नक्की स्वच्छ होईल’ ही अतिशयोक्ती होती, ती काढणं बरोबरच. पण तिच्या जागी ‘दीर्घ कालावधी लागू शकतो’ लिहून काय साधलं? अतिशयोक्तीच्या जागी एक तर खरा आकडा येतो, म्हणजे कामाची मूळ मुदत आणि आजवरची मुदतवाढ, नाहीतर ते वाक्य निघून जातं. एका अधिकाऱ्याच्या पोटाच्या घेरावर जो टोमणा होता, तो मात्र आपण इमानदारीनं ‘सुदृढ व्यक्तिमत्त्व’ असा उतरवून ठेवलात! त्याच्याखाली कुठलाच मुद्दा नव्हता, तो तर सरळ उडवायचा होता. कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं टाकायचं यासाठी एकच कसोटी पुरते: हे खरं की खोटं, असं कुणी विचारलं तर तपासून उत्तर देता येईल का?

जिथे संयत लेखनाचा खरा उपयोग होता, ती जागा तर सुटलीच. मूळ लेखात तेरवाड बंधाऱ्यापर्यंतचं सगळं पाप कोल्हापूर शहराच्या माथी मारलं होतं. उपरोधाला एकच बळीचा बकरा लागतो, त्यामुळे तिथे ते खपून गेलं. पण तेरवाड शिरोळ तालुक्यात, इचलकरंजीच्याही खाली. कोल्हापूरचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचं पाणी, वाटेतल्या गावांचे नाले आणि साखर कारखाने असं सगळं तिथवर येतं. शिवाय उन्हाळ्यात वरच्या बंधाऱ्यांवर बरगे घालून अडवलेलं पाणी सडतं, आणि बरगे काढले की तो सडका लोंढा एकदम खाली उतरतो. म्हणून खाली मासे मेले म्हणजे दोष त्याच दिवशीचा आणि त्याच गावचा, असं ठरत नाही. समतोल हवा होता तो इथे: कुठल्या टप्प्यावर कुणाचं पाणी मिळतं, ते वरून खालपर्यंत ओळीनं सांगायचं. काल आपण काय लिहिलंत? ‘सर्व घटकांनी समन्वयाने प्रयत्न करण्याची गरज असून नागरिकांनीही निर्माल्य नदीत टाकू नये.’ सगळ्यांना सारखा दोष वाटला की लेख तटस्थ होतो, हे कुठल्या पत्रकारितेत शिकवतात? निर्माल्य टाकू नये हे खरंच, पण जयंती नाल्याच्या शेजारी ते एका वाक्यात बसवल्यावर वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात.

हे सगळं कायद्याच्या धास्तीनं केलं असेल, तर तिथेही हिशेब चुकला. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या अब्रुनुकसानीच्या कलम ४९९ चं तिसरं स्पष्टीकरण सांगायचं की आरोप उपरोधानं केला तरी तो बदनामीकारक ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही ते कायम आहे. म्हणजे उपरोधाची ढाल पूर्वीही नव्हती आणि सौम्य सुराची आज नाही. सांभाळते ती वस्तुस्थिती. याचा दाखला कोल्हापूरकरांना बाहेरून आणायला नको. १८८२ च्या बर्वे प्रकरणात आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. केसरी-मराठाची भाषा जहाल होती, हे खरं. पण खटला अंगाशी आला तो करवीरच्या कारभाऱ्यांविरुद्ध ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाल्यामुळे. तोच मजकूर कितीही मवाळ करून छापला असता, तरी पत्रं बनावटच राहिली असती.

आणखी एक. मूळ अग्रलेख आपल्या ई-आवृत्तीतून गायब आहे आणि त्याच जागी, जुन्याच तारखेनं, नवा लेख बसवला आहे. कुठे टीप नाही. सोमवारचा कागदी अंक ज्यांनी जपून ठेवलाय त्यांच्याकडे एक लेख, बाकीच्यांकडे दुसरा. मूळ लेख तसाच ठेवून खाली ‘यावरील सुधारित लेख अमुक तारखेच्या अंकात’ अशी एक ओळ द्यायला काय जातं? आज ना उद्या कुणी वकील दोन्ही प्रती शेजारी ठेवून विचारेल, की बदलायचंच होतं तर गुपचूप का?

जाता जाता, पावसाळा तोंडावर आहे म्हणून. गेल्या वर्षी आपण पहिल्या पानावर रोज ‘पंचगंगा ३७ फुटांवर’ अशा चौकटी देत होता. कुठे ३७ फूट? राजाराम बंधाऱ्यावर, हे त्यात लिहीत चला, आणि इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हेही शेजारी द्या. सांगली-शिरोळकडचे पाहुणे तो आकडा आपल्या पुलाचा समजून फोन करत बसतात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर