‘दविस’ लिहिणाऱ्या मुलाला नुसती माया पुरत नाही

महोदय,

मंगळवारच्या अंकात डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या शिकवण्यांवर आलेला लेख वाचला. बुधवारी तो पुन्हा वाचला आणि मग हे पत्र लिहायला बसले. लेखातली दोन वाक्यं मला खुपली. ‘आईची माया आणि संयम असेल तर अशा मुलांना घरीच शिकवता येते’ हे एक, आणि ‘तासाला सातशे रुपये ही पालकांच्या अगतिकतेची लूट आहे’ हे दुसरं. मी डोंबिवलीत गेली बारा वर्षं अशा मुलांना घरी शिकवते. तुमच्या लेखकांनी लिहिण्याआधी एकदा तरी अशा शिकवणीत पाऊण तास बसायला हवं होतं.

माया आणि संयम माझ्याकडेही होता. माझ्या बहिणीचा मुलगा दुसरीत असताना त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तो रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचा. मी डी.एड. झालेली, मराठी शाळेत अकरा वर्षं शिकवलेली. त्याच्यावर मी एकदाही हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घ्यायचा, ही आम्हा सगळ्यांची पद्धत, तीच मी वापरली. ‘दिवस’ हा शब्द तो ‘दविस’ असा लिहायचा. मी पहिल्या ओळीत बरोबर शब्द लिहून द्यायचे. पहिल्या दोन ओळी तो बघून नीट उतरवायचा आणि तिसरीपासून पुन्हा ‘दविस’ सुरू. म्हणजे रोज एक चूक मी त्याच्याकडून आठ वेळा गिरवून घेत होते. असे आठ महिने गेले. शेवटी शेवटी तो दप्तर उघडायच्या आधीच पोट दुखतं म्हणायचा.

ती चूक काय आहे हे मला पुढे प्रशिक्षणात कळलं. ‘दि’ म्हणताना कानाला आधी द ऐकू येतो आणि मग इ. कागदावर मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उभी असते. ज्या मुलाला आवाज सुटे करायलाच कष्ट पडतात, तो ऐकलेल्या क्रमाने लिहितो. आधी द काढतो, मग वेलांटी काढतो, आणि ती वेलांटी आपोआप पुढच्या व ची होते. म्हणून ‘दविस’. हा निष्काळजीपणा नव्हता. उलट तो जे ऐकत होता ते इमानाने लिहीत होता. दुसरी वेलांटी अक्षराच्या नंतर येते, म्हणून ‘नदी’, ‘पाटी’ हे शब्द तो बरोबर लिहायचा. माझ्या डोळ्यांसमोर आठ महिने ही वही होती. यातला फरक मला दिसला नाही, कारण चुका कशा वाचायच्या हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिसरीत त्याची तपासणी झाली. आधी डोळे आणि कान, मग बुद्धिमापन, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. बुद्धी वयाप्रमाणे आणि वाचन दोन इयत्ता मागे, असा निष्कर्ष आला. त्यानंतर एका प्रशिक्षित बाई त्याला शिकवत असताना मी मागे बसून बघायचे आणि मग स्वतः शिकायला गेले.

त्या बाईंनी पहिले तीन आठवडे पुस्तक उघडलंच नाही. ‘कमळ’मधला क काढला तर काय उरतं, असले तोंडी प्रश्न. तो सुरुवातीला ‘कमळ’च म्हणायचा. ‘मळ’ हे उत्तर सहज यायला लागल्यावर त्या आणखी आत गेल्या. ‘दि’ या एका अक्षरात कोणते दोन आवाज आहेत? हे कानाला जमल्यावरच चिन्हं आली, आणि तीही बाराखडीच्या क्रमाने नाही. आधी काना, मग दुसरी वेलांटी, कारण ही दोन्ही अक्षराच्या नंतर येतात. मग उकार. पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी, दुसरी पक्की झाल्यावर महिनाभराने. दोन्ही वेलांट्या एकाच दिवशी शिकवल्या की असं मूल दोन्ही घालवून बसतं. भ आणि म, ध आणि घ यांचंही तसंच. एक पक्कं झाल्याशिवाय त्याचा जुळा भाऊ समोर आणायचा नाही.

पहिल्या वेलांटीसाठी पुठ्ठ्याची अक्षरं होती आणि लाल पुठ्ठ्याची सुटी वेलांटी. तोंडाने ‘द’ म्हणत द ठेवायचा, ‘इ’ म्हणत वेलांटी उचलून त्याच्या डावीकडे आणायची, आणि बोट फिरवत ‘दि’ म्हणायचं. मग ताटात रवा पसरून त्यात बोटाने तेच. डोळा, कान, तोंड आणि हात एकाच वेळी एकाच आवाजावर. ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत गेल्या शतकात इंग्रजीसाठी बसवली गेली. मराठीसाठी आपल्या लिपीच्या अडचणी ओळखून ती वळवून घ्यावी लागते. रफाराचंच बघा. ‘सूर्य’मध्ये र आधी ऐकू येतो आणि डोक्यावर बसतो मात्र य च्या. वेलांटी जिथे अडते तिथे पुढे रफार अडणार हे शिकवणारीला आधी माहीत असावं लागतं.

नवीन गोष्ट केव्हा द्यायची याचाही नियम आहे. मी दहा शब्द सांगते. दोन वेगवेगळ्या दिवशी दहातले नऊ बरोबर आले तर पुढे, नाहीतर तिथेच. संयम लागतो तो इथे. पण पुढची पायरी कोणती हे ठाऊक असेल तरच तो टिकतो. ठाऊक नसेल तर कितीही मायाळू आई तिसऱ्या महिन्यात रडते किंवा मारते. दोन्ही मी पाहिलं आहे आणि दोष त्या आईचा नसतो.

घरी एक फसगत हमखास होते. मूल धडा घडाघडा वाचतं, आई खूश होते, आणि परीक्षेत पुन्हा शून्य. त्याने धडा ऐकून पाठ केलेला असतो. हे ओळखायचं तर अर्थ नसलेले शब्द द्यावेत. ‘दिमू’, ‘किसळ’, ‘पिटाव’. ते पाठ असू शकत नाहीत. ते वाचता आले तरच मूल वाचतंय.

आईने काहीच करू नये असं मी म्हणत नाही. माझ्याकडे मुलं आठवड्यातून दोनदा येतात आणि बाकीचे दिवस घरी पंधरा मिनिटं उजळणी लागतेच. त्याशिवाय कोणतीही शिकवणी फळत नाही. काय उजळायचं ते मी लिहून देते आणि आई तेवढंच घेते. रात्री आईने गोष्ट वाचून दाखवावी. मुलाला स्वतःला वाचता येत नाही म्हणून त्याचे शब्द आणि गोष्टी थांबायला नकोत. शाळेचा गृहपाठ, शुद्धलेखन आणि वेलांटी हे सगळं एका बैठकीत आईवर टाकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता फीबद्दल. मी पाऊण तासाचे पाचशे रुपये घेते. त्या पाऊण तासासाठी मागच्या वहीतल्या चुका बघणं, त्याप्रमाणे शब्द निवडणं आणि शब्दांची कार्डं लिहिणं याला अर्धा तास वेगळा जातो. दोन मुलं एकत्र घेता येत नाहीत. एकाचं अडतं वेलांटीपाशी, दुसऱ्याचं जोडाक्षरापाशी. दहावीच्या क्लासात एका खोलीत चाळीस मुलं बसतात, त्यांच्या फीशी याची तुलना लेखात केली आहे ती कशी काय? ज्यांना परवडत नाही अशी दोन मुलं मी दर वर्षी दीडशे रुपयांत घेते. त्याहून जास्त घेतली तर माझं घर चालत नाही.

लूट होते, हे मला मान्य आहे. ती कुठे होते ते तुम्ही छापायला हवं होतं. ‘खास शिक्षिका’ म्हणून फी घ्यायची आणि शाळेचा गृहपाठ करून घ्यायचा, ही लूट आहे. तीन महिन्यांत डिस्लेक्सिया बरा करून देतो असं सांगणं किंवा त्यासाठी रंगीत काचांचा चष्मा विकणं, हीसुद्धा. पालकांनी विचारावं की विशेष शिक्षणातलं बी.एड. आहे का, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का. ती नसेल आणि छोटा अभ्यासक्रम केला असेल तर कुणाच्या देखरेखीखाली किती मुलं शिकवली, हे विचारावं. आणि महिन्याने चुकांची वही मागावी. ज्या शिकवणीत चुकांची नोंदच नाही, तिथून मूल काढून घ्यावं.

माझ्या भाच्याला चौथीच्या पुस्तकातला उतारा बिनचूक वाचायला चौदा महिने लागले. आज तो कामाला लागला आहे. वाचतो, पण सावकाश, आणि ऱ्हस्वदीर्घ अजून चुकतं. ते चुकतच राहणार आहे. फी घेताना मी हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगते.

आणखी एक लिहिते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश झाला आहे, राज्य मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो. तरी शाळा चौथी-पाचवीत पालकांना ‘मोठा झाला की सुधारेल’ सांगतात आणि दहावीच्या नोव्हेंबरात प्रमाणपत्र आणायला पिटाळतात. प्रमाणपत्र ठरावीक सरकारी आणि पालिका रुग्णालयांतूनच मिळतं, तिथे तारखेसाठी थांबावं लागतं. गेल्या वर्षी माझ्याकडची एक मुलगी कागद वेळेत न आल्याने सवलतीविना बसली. लेखनिकाशिवाय तिला इतिहासाचा अर्धाच पेपर लिहिता आला. उत्तरं तिला येत होती, आदल्या संध्याकाळी तिने मला तोंडी सांगितली होती. तुमच्या वार्ताहराने यावर लिहावं.

रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं पान हल्ली निळ्या जाळीच्या चित्रावर, बारीक अक्षरात छापलं जातं. मात्रा आणि अनुस्वार त्या जाळीत हरवतात. माझ्याकडे येणारा एक चौथीतला मुलगा ते पान जपून घडी घालून आणतो, पांढऱ्या चौकटीतली कोडी वाचतो आणि जाळीवरची गोष्ट मला वाचायला देतो. गोष्ट साध्या पांढऱ्या कागदावर, थोड्या मोठ्या अक्षरात आणि ओळींत अंतर ठेवून छापली तर तो ती स्वतः वाचेल.

आपली,
एक विशेष शिक्षिका, डोंबिवली पूर्व
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)