झटकलेला हात

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

त्या रात्री तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात आणि आमचं भांडण तुम्हाला शब्द न् शब्द ऐकू गेलं. सकाळी बाबा तुमच्या जावयाला म्हणाले, "हसवत राहायचं, मीही तेच करत आलो." आणि आई, तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "तू हात झटकलास ना, तशी मीही झटकायचे." तुम्ही परत गेलात, पण ही दोन वाक्यं माझ्या मनातून गेली नाहीत. फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि एक जण बोलला की दुसरा गप्प बसतो. म्हणून पत्र लिहिते आहे. दोघांनी वेगवेगळं वाचा, मग हवं तर एकत्र.

नऊ वर्षं मी नवरा-बायकोंची भांडणं ऐकते आहे, तेच माझं काम आहे. भांडण चालू असताना मध्येच कुणीतरी हात पुढे करतं, काहीतरी गमतीचं बोलतं, किंवा नुसतं "थांब, मी नीट बोलले नाही" म्हणतं. आमच्याकडे याला 'रिपेअर अटेम्प्ट' म्हणतात, मी डागडुजी म्हणते. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी कितीतरी जोडप्यांना समोरासमोर बसवून, अंगाला हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणं लावून, त्यांच्या नेहमीच्याच एखाद्या वादावर पंधरा मिनिटं बोलायला लावलं होतं. डागडुजी सुखी जोडपीही करतात आणि दुःखीही. फरक असतो तो समोरचा ती घेतो की नाही, यात. आणि न घेण्याला आपण हट्टीपणा म्हणून मोकळे होतो. आई, तुला तर हा शब्द आयुष्यभर ऐकावा लागला.

आमचं त्या रात्रीचं भांडण सात-आठ मिनिटांचं होतं. लेकीच्या स्पर्धेचा फॉर्म भरायचं काम त्याने घेतलं होतं आणि शेवटची तारीख उलटून गेली. मी सुरुवातच केली ती "तुला सांगून काही उपयोगच नसतो" इथून. म्हणजे फॉर्म राहिला बाजूला, मी त्याच्याबद्दलच बोलले. ती माझी चूक होती. तो लगेच म्हणाला, "उद्या फोन करून मुदत वाढवून मागतो." हीसुद्धा डागडुजीच होती, पण डोक्याने केलेली. नवविवाहित जोडप्यांची भांडणं तपासून गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं होतं की पहिल्या तीन मिनिटांत केलेला प्रयत्न जास्त लागू पडतो, आणि तोही उपाय सुचवणारा नाही. आपुलकीचा, स्वतःची चूक कबूल करणारा, मनातलं सांगणारा. मला तेव्हा मुदतवाढ नको होती. "मी विसरलो, तिला काय वाटलं असेल" एवढंच ऐकायचं होतं. ते आलं नाही. मग माझा आवाज चढला, त्याने खांद्यावर हात ठेवला, मी तो झटकला. मग तो म्हणाला, "मलाच शाळेत घाला परत, पहिल्या बाकावर बसतो." मी म्हणाले, "तुला सगळ्याची चेष्टाच वाटते." तो उठला आणि दार लोटून घेतलं.

बाबा, आता तुम्हाला सांगते की तो हात मला का नको झाला. त्या क्षणी माझं हृदय धडधडत होतं, हातपाय गार पडले होते. अशा वेळी शरीराला एवढंच कळतं की संकट आलं आहे. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट आत शिरत नाही, विनोद कळत नाही, आणि मायेचा स्पर्शसुद्धा पकडल्यासारखा वाटतो. मोजायला सोपं आहे. मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायचं, पंचवीसच्या वर आकडा गेला तर त्या वेळी काहीही लागू पडणार नाही. तेव्हा हसवत राहणं म्हणजे बंद दारावर जास्त जोरात थापा मारणं.

गॉटमन यांच्या त्या ठोके मोजण्याच्या प्रयोगांत एकदा भांडण मध्येच थांबवलं. उपकरणं नीट करायची आहेत असं सांगून अर्धा तास मासिकं वाचायला दिली आणि वादाबद्दल बोलायचं नाही असं बजावलं. नंतर तीच जोडपी परत बोलायला बसली तेव्हा ठोके खाली आले होते आणि बोलण्यातही गोडवा आला होता. कुणीही त्यांना काही समजावलं नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी निदान वीस मिनिटं सांगते. पण दोन अटी आहेत. त्या वेळात 'मी कसा बरोबर आहे' हे मनात घोळवायचं नाही, नाहीतर शरीर शांत होतच नाही. आणि जाताना परत कधी येणार ते सांगून जायचं. त्या रात्री तो न सांगता गेला आणि मी त्याचा अर्थ 'सोडून गेला' असा घेतला. खरं तर त्याचंही डोकं तेवढंच भणभणलं होतं.

पण नुसतं शरीर म्हणून सोडून दिलं तर ते अर्धंच खरं. काही दिवशी त्याच्या याच असल्या बोलण्यावर मी खळखळून हसले आहे. तीच गंमत एका दिवशी चालते, एका दिवशी नाही, कारण तिच्या मागे गेल्या काही महिन्यांचा हिशोब उभा असतो. मागची शिल्लक चांगली असेल तर फटकळ बोलणंही "दमलाय बिचारा" म्हणून पोटात घालता येतं. शिल्लक संपली असेल तर सरळ केलेली मायाही 'आता काय हवंय याला' अशी दिसते. 1980 साली रॉबिन्सन आणि प्राइस या दोघांनी जोडप्यांच्या घरी निरीक्षक बसवले होते. दुःखी जोडप्यांत एकाने दुसऱ्यासाठी केलेल्या चांगल्या गोष्टी निरीक्षकांना जितक्या दिसल्या, त्यातल्या जवळजवळ निम्म्या त्या नवऱ्याला किंवा बायकोला दिसल्याच नव्हत्या. हे वाचलं तेव्हा मला बाबांचा चष्मा आठवला. आई, भांडण झाल्यावर तू बाबांशी बोलायची नाहीस, पण त्यांचा चष्मा पुसून वर्तमानपत्रावर ठेवायचीस. फक्त भांडण झालेल्या दिवशीच. बाबा, तुम्ही तो उचलायचात आणि वाचायला लागायचात. ती तिची डागडुजी होती. तुम्ही ती नाकारली नाहीत, तुम्हाला ती कळलीच नाही.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. बाबा, तुम्ही एका नातेवाइकाला आईला न विचारता पैसे दिले होते, तो दिवस मला लख्ख आठवतो. आई विचारत होती, किती दिले, कधी परत येणार. तुम्ही हात जोडून म्हणालात, "चुकी मान्य सरकार, काय शिक्षा देता ती द्या!" आम्ही मुलं हसलो. आई आत निघून गेली. तुम्ही आमच्याकडे बघून म्हणालात, "तुमच्या आईला गंमत कळत नाही." इतकी वर्षं मीही तेच समजत होते. आता मला वाटतं, आईला गंमत चांगली कळत होती. त्या गमतीत 'चूक मान्य' हे शब्द होते, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आणि आम्ही हसल्यामुळे एका बाजूला तुम्ही आणि आम्ही, दुसऱ्या बाजूला ती एकटी, असं झालं. ती हसली असती तर विषय तिथेच मिटला असता. न हसणं एवढीच एक गोष्ट तिच्या हातात होती. आई, मी तेव्हा हसले, त्याबद्दल मला माफ कर.

म्हणून बाबा, तुमचा सल्ला मी जावयाला अर्धाच घेऊ देणार आहे. गंमत हवीच, तुमच्याकडून आलेली ती गोष्ट मला फार आवडते. पण आधी उत्तर, मग गंमत. "विसरलो, माझी चूक, सकाळी आधी तेच काम" हे म्हणून झाल्यावर तो पहिल्या बाकावर बसला असता तर मीही शेजारी बसले असते.

आणि माझ्या बाजूने मी काय बदललं, तेही सांगते. हात नको वाटला तर घ्यायचा नाही, अंग जबरदस्तीने सैल सोडता येत नाही. पण तो दिसला एवढं मात्र सांगायचं. मागच्या आठवड्यात पुन्हा एकदा जुंपली, या वेळी त्याच्या उशिरा येण्यावरून. त्याने हात पुढे केला. मी म्हणाले, "कळलं मला. आत्ता नको, वीस मिनिटं दे." तो म्हणाला, "बरं, साडेनऊला येतो." मी खिडकीपाशी उभी राहिले. पहिली दहा मिनिटं मी मनात त्याच्याशी भांडतच होते, मग लेकीची वही चाळायला घेतली. तो नऊ बत्तीसला आला. उशिराचा प्रश्न तसा पूर्ण सुटला नाही, पण त्यावर आम्ही अर्धा तास बोललो आणि दार कुणी लोटलं नाही.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना स्वच्छ सांगते, तुम्हालाही सांगते, कारण आई शेजारच्या मुलींना सल्ले देते. जिथे घरात मारहाण आहे किंवा माणसाची भीती वाटते, तिथे यातलं काहीच लागू नाही. मारल्यानंतर जवळ घेणं ही डागडुजी नसते आणि तो हात झटकणारी बाई चुकत नसते. तिला 'जरा नमतं घे' असं सांगू नकोस. तिला सुरक्षित जागा हवी असते.

आई, तुझ्या त्या एका वाक्याने मला जेवढा धीर आला तेवढा माझ्या कामाच्या पुस्तकांनी दिला नव्हता. तू झटकलेल्या हातांबद्दल मला आणखी ऐकायचं आहे. त्या पैशांचं पुढे काय झालं, ते तुला कधी कळलं का? कळलं नसेल तर आजही विचार. आणि बाबा, तिने विचारलं तर आम्ही मुलं त्या खोलीत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पुढच्या महिन्यात येते आहे. लेक तिची स्पर्धेची वही घेऊन येणार आहे, पुढच्या वर्षीचा फॉर्म तिने स्वतःच भरायचं ठरवलंय.

तुमची,
लेक