एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असं छापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला पोटावरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहिते आहे. अल्सर सापडला नाही तर त्रास ‘मानसिक’ समजावा आणि आम्लाची गोळी चालू ठेवावी, एवढ्यावर लेखकाने फंक्शनल डिस्पेप्सिया, म्हणजे तपासणीत जखम न दिसता पोट दुखण्याचा किंवा लवकर भरण्याचा आजार, संपवला आहे. याच दोन वाक्यांनी माझ्या धाकट्या बहिणीचं दीड वर्ष खाल्लं.

चार घास खाल्ले की तिचं पोट गच्च भरायचं. बरगड्यांच्या खाली, मधोमध, दडपल्यासारखं व्हायचं आणि ते दोन-दोन तास उतरायचं नाही. वजन पाच किलोंनी घटलं, म्हणून एंडोस्कोपी झाली. जठर स्वच्छ निघालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी घेतलेला तुकडाही निर्दोष आला. (ही तपासणी लेखात नाहीच. जंतू सापडला तर तो आधी घालवायचा असतो. त्यानंतर काही जणांचा त्रास कायमचा थांबतो, पण फरक कळायला महिने जातात.) आम्ल कमी करणारी गोळी रोज एक, आठ आठवडे घेतली. तिला थोडी जळजळ होती, ती गेली. घास मात्र चारच राहिले. मग त्याच गोळीचा डोस दुप्पट केला आणि चार महिने तसाच चालवला. जे एका गोळीने हललं नाही ते दोन गोळ्यांनीही सहसा हलत नाही, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. पुढे जठराला गती देणारं लेव्होसल्पिराइड त्यात जोडलं. तिची पाळी लांबली, हात थरथरू लागले. हे त्या औषधाचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. औषध बंद केल्यावर दोन्ही थांबलं.

शेवटी एका डॉक्टरांनी कागदावर जठर काढून दाखवलं. अन्न येऊ लागलं की जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करतो. या आजारात बऱ्याच जणांचा तो भाग पुरेसा सैलावत नाही, शिवाय जठराच्या नसा साध्या ताणालाही दुखणं समजतात. एंडोस्कोपीत जखम दिसते, हे दिसत नाही. त्यांनी मिर्टाझापिन लिहून दिलं, रात्री साडेसात मिलिग्रॅम आणि पुढे पंधरा. लवकर पोट भरणं आणि घटतं वजन एकत्र असेल तर हे औषध उपयोगी पडू शकतं. पाचव्या दिवशी बहिणीने पाकिटातला कागद वाचला, त्यावर ‘नैराश्यासाठी’ असं होतं. “म्हणजे यांनाही मी खोटीच वाटते,” म्हणाली आणि गोळ्या टाकून दिल्या. तिला असं का वाटलं असेल? आपल्या पुरवणीसारखंच काहीतरी ती दीड वर्ष ऐकत आली होती.

लेखकाने खरं तर इथेच थांबून विचार करायला हवा होता. उत्तर अमेरिकेत 292 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवडे कुणाला अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं, पण दुखण्यासाठीही वापरलं जाणारं जुनं औषध दिलं, कुणाला एस्सिटॅलोप्रॅम, कुणाला नुसती औषध नसलेली गोळी. पुरेसा आराम अनुक्रमे 53, 38 आणि 40 टक्के लोकांना पडला. एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं चांगलं औषध आहे, तरी ते साध्या गोळीच्या पुढे गेलं नाही. हा आजार म्हणजे लपलेलं नैराश्य असता, तर असं झालं नसतं. अमिट्रिप्टिलिनचा फायदाही मुख्यतः दुखण्याचा त्रास असणाऱ्यांना झाला आणि ज्यांचं जठर उशिरा रिकामं होत होतं त्यांना झाला नाही. म्हणून दुखतं की लवकर भरतं, हे आधी विचारायला हवं. लेखात हा फरक एका ओळीतही नाही.

डॉक्टरांनी तिला हेच फोनवर पुन्हा समजावलं तेव्हा तिने गोळी परत सुरू केली. पहिला आठवडा सकाळी झोप उतरत नव्हती. सहाव्या आठवड्यापासून अर्धं जेवण जाऊ लागलं, चार महिन्यांत तीन किलो वजन परत आलं. पूर्ण बरी नाही. धावपळीच्या दिवशी अजूनही पोट अडतं, तेव्हा ती थोडं-थोडं चार-पाच वेळा खाते.

आणि लेखाशेजारचं ते चित्र! जठरात लालभडक जखम, तीसुद्धा अल्सर नसलेल्या आजारावरच्या लेखात. वाचणाऱ्याने काय समजायचं? गिळताना अडकणं, काळी शौच, सारख्या उलट्या, रक्त कमी होणं, घटतं वजन, यांपैकी काही असेल तर गोळ्यांवर दिवस न काढता तपासणी करावी, ही चौकट तिथे सहज बसली असती. पुढच्या पुरवणीत ती छापा आणि ‘मानसिक’ हा शब्द मागे घ्या.

आपली,
एक नियमित वाचक