लाखभर वाढले आणि हातात चार हजार कमी आले: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री

महोदया,

मी विलेपार्ल्यात सीएची प्रॅक्टिस करतो. पन्नास लाखांच्या वर करपात्र उत्पन्न असणाऱ्यांनी करावर दहा टक्के सरचार्ज, म्हणजे अधिभार भरावा, याला माझा विरोध नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जास्त द्यावं, हे मला पटतं. माझी तक्रार सरचार्जच्या दराबद्दल नाही. मर्यादा थोडीच ओलांडणाऱ्याला मिळणारी सवलत, म्हणजे मार्जिनल रिलीफ, काढताना करावर लागणारा चार टक्क्यांचा सेस हिशोबाबाहेर राहतो, त्याबद्दल आहे. त्यामुळे मर्यादा जेमतेम ओलांडणाऱ्या माणसाच्या हातात, उत्पन्न वाढूनसुद्धा, आधीपेक्षा कमी पैसे पडतात. मार्जिनल रिलीफ आणलं ते नेमकं हेच टाळायला.

पवईला नोकरी करणाऱ्या एक बाई माझ्याकडे येतात. मार्चची सॅलरी स्लिप समोर ठेवून त्यांनी विचारलं, "सर, एक लाख बोनस मिळाला आणि टीडीएस एक लाखाच्या वर कसा कापला?" ऑफिसात त्यांना सांगितलं होतं की सिस्टीमने काढलंय म्हणजे बरोबरच असणार. हिशोब खरंच बरोबर होता. आकडे थोडे गोल करून तो इथे मांडतो, म्हणजे दोष कुठे आहे ते दिसेल.

स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता त्यांचं करपात्र उत्पन्न बरोबर ५० लाख होतं असं धरू. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीच्या दरांनी पहिल्या २४ लाखांवर ३ लाख कर होतो आणि उरलेल्या २६ लाखांवर तीस टक्क्यांनी ७,८०,०००. एकूण १०,८०,०००. त्यावर सेस ४३,२००. म्हणजे भरायचे ११,२३,२००. सरचार्ज नाही, कारण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलेलं नाही.

आता बोनस धरून उत्पन्न ५१ लाख झालं. कर झाला ११,१०,०००. सरचार्ज फक्त वरच्या एका लाखावरच्या करावर लागत नाही, अख्ख्या करावर लागतो, म्हणून तो १,११,००० आणि बेरीज १२,२१,०००. एक लाखाच्या कमाईसाठी सेस धरायच्या आधीच १,४१,००० जादा! इथे मार्जिनल रिलीफ मदतीला येतं. कायदा म्हणतो की कर आणि सरचार्ज मिळून, ५० लाखांवरचा कर अधिक ५० लाखांच्या वरची कमाई, यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. म्हणजे १०,८०,००० अधिक १,००,०००, एकूण ११,८०,०००. सवलत मिळाली ४१,००० ची. इथवर सगळं न्याय्य आहे.

आणि मग या ११,८०,००० वर सेस लागतो, ४७,२००. भरायचे झाले १२,२७,२००. आधीच्या आकड्यापेक्षा १,०४,००० जास्त. बाईंनी लाख रुपये जास्त कमावले, ते सगळे सरकारला दिले आणि वर पदरचे चार हजार घातले. रिटर्नच्या फॉर्ममध्येही हा क्रम दिसतो: रिलीफच्या आधीचा सरचार्ज, रिलीफनंतरचा सरचार्ज आणि त्यानंतर सेस.

हे एका लाखापुरतं नाही. ५० लाखांपासून सुमारे ५१,६१,२०० पर्यंत प्रत्येक जादा रुपयावर एक रुपया चार पैसे जातात. पट्ट्याच्या शेवटी तोटा सुमारे ६,४५० रुपयांचा होतो. तिथून पुढे नेहमीचा दर सुरू होतो आणि ही खोट भरून निघायला आणखी दहाएक हजारांची कमाई लागते. थोडक्यात, ५१,७१,००० कमावणाऱ्याच्या आणि ५० लाख कमावणाऱ्याच्या हातात सारखीच रक्कम उरते. दोन कोटींच्या मर्यादेला सरचार्ज पंधरावरून पंचवीस टक्के होतो, तिथे हाच पट्टा जवळजवळ नऊ लाखांचा आहे आणि शेवटी तोटा ३५,७०० च्या आसपास.

बाईंनी पुढे विचारलं, मग बोनस एप्रिलमध्ये घेतला असता तर? पगाराचं तसं चालत नाही. रक्कम देय झाली की ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, हातात नंतर आली तरी फरक पडत नाही. देणगी द्यावी तर नव्या प्रणालीत ८०जी ची वजावट नाही. कंपनीमार्फत एनपीएसमध्ये पैसे वळवून करपात्र उत्पन्न खाली आणता येतं, पण ती सोय कंपनीने ठेवलेली असावी लागते आणि मार्च सरत आल्यावर ते सुचून उपयोग नसतो. स्वतःचा व्यवसाय असलेला आणि रोखीच्या पद्धतीने हिशोब ठेवणारा डॉक्टर किंवा वकील मात्र बिलाची वसुली एप्रिलवर ढकलून मोकळा होतो. म्हणजे हा तोटा बसतो तो प्रामुख्याने नोकरदाराला, ज्याच्या हातात वेळ ठरवणं नाही. मला हे फार खटकतं.

पन्नास लाख मिळवणाऱ्याच्या चार हजारांचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. पण हीच गोष्ट बारा लाखांशी होते. तिथे सरचार्जचा संबंध नाही, कर माफ करणारी ८७ए ची रिबेट आहे, पण मार्जिनल रिलीफची रचना तीच. १२ लाखांवर कर शून्य. १२,१०,००० वर कर येतो ६१,५००, रिलीफ तो १०,००० वर आणतं आणि त्यावर सेस ४००. दहा हजार जास्त मिळवून माणूस चारशेने मागे. ओव्हरटाइम किंवा थकबाकी मिळाल्याने मर्यादेच्या जरा वर गेलेले असे लोक डोंबिवली-विरारहून रोज लोकलने येतात आणि चारशे रुपये त्यांच्या हिशोबात असतात.

वित्त कायदा या सेसला 'अतिरिक्त अधिभार' म्हणूनच लावतो. मग अधिभारासाठीच्या सवलतीत तो धरायला तत्त्वाची कुठलीच अडचण नाही. राज्यांनाही विचारायला नको, कारण घटनेच्या कलम २७० नुसार सेस वाटपाच्या बाहेर आहे. यात कमी होईल ती फक्त केंद्राची रक्कम, आणि तीही या अरुंद पट्ट्यांमध्ये बसणाऱ्या लोकांपुरती.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या वित्त विधेयकात मार्जिनल रिलीफच्या परंतुकाची भाषा बदलावी. कर, सरचार्ज आणि सेस या तिघांची मिळून बेरीज, मर्यादेवरच्या उत्पन्नावर सेससह जे देणं होतं त्यापेक्षा, वरच्या कमाईहून जास्त वाढू नये. वरच्या उदाहरणात देणं मग १२,२३,२०० होईल. ८७ए च्या रिलीफलाही हाच नियम लावावा.

एवढ्यानेही त्या पट्ट्यात रुपयातला रुपया जाणारच आहे, हे मला कळतं. ते टाळायचं तर सरचार्ज अख्ख्या करावर न लावता स्लॅबसारखा फक्त मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या करावर लावावा लागेल. मग मार्जिनल रिलीफची गरजच उरणार नाही. पण त्यात तो पट्टा ओलांडून एक कोटीपर्यंत कमावणाऱ्या प्रत्येकाचा १,०८,००० रुपयांचा सरचार्ज वाचेल आणि तेवढा महसूल दुसरीकडून उभा करावा लागेल. तो मोठा निर्णय आहे, त्याला वेळ लागणार. सेसची दुरुस्ती मात्र येत्या अर्थसंकल्पातच व्हावी.

आपला,
विलेपार्ले येथील एक सनदी लेखापाल