क्लॅम्पचा आकडा आणि शेजाऱ्यावरचा संशय

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरगुती वीजमापनाच्या नव्या यंत्रांवर लेख होता. डीबीमधल्या, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या पेटीतल्या एका वायरभोवती करंट मोजणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, लावला की घरातलं कुठलं उपकरण चालू आहे ते मोबाइलवर दिसतं, आणि त्यातूनच वीजचोरही पकडता येतो, असं त्यात म्हटलं होतं. पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा वाचून मात्र राहवलं नाही, कारण याच समजुतीपायी पाचपाखाडीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं शेजाऱ्यांशी बोलणं तुटायची वेळ आली होती.

तिच्याकडे असंच एक यंत्र बसवलेलं होतं. डिसेंबरपासून बिल वाढलं आणि त्याच सुमारास मोबाइलवर 'अनोळखी उपकरण, ०.७ अँपिअर' अशी नोंद दिसू लागली. साधारण दिवसाआड, कधी दुपारी, तर कधी रात्री दोन-तीनला. घरी ही एकटी, आणि रात्री ती झोपलेली. "दादा, आपल्या मीटरवरून कोणीतरी वीज घेतंय," असं तिने मला फोनवर सांगितलं. कोणावर संशय आहे तेही सांगितलं. फ्रिज दुरुस्तीवाल्याने वाढलेल्या बिलाचा दोष कॉम्प्रेसरला दिला होता ते वेगळंच.

मी तीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना शिकवलं. तिच्या घरी गेल्यावर आधी क्लॅम्प कुठे आहे ते पाहिलं. तो चौथ्या मजल्यावर, तिच्या घरातल्या मेन स्विचच्या पुढच्या फेजच्या वायरवर होता. मीटर तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये. मीटर आणि तिचं घर यांच्यामध्ये कोणी वायर जोडली असती, तर तो करंट या क्लॅम्पमधून गेलाच नसता. क्लॅम्पला फक्त त्याच्या पुढचा लोड दिसतो. म्हणजे जे काही 'अनोळखी' होतं ते तिच्याच घरात होतं. चोरीची शंका असेल तर घरातला मेन स्विच बंद करून खाली मीटरचा लाल दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत राहिला तर वायरमनला बोलवावं. मोबाइलवरच्या यादीवरून कोणाचं नाव घेऊ नये.

मग ते ०.७ अँपिअर कुणाचे? वाचकांना इथे थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण बहुतेक चुका याच ठिकाणी होतात.

उपकरण सुरू झालं की एकूण करंट वाढतो. स्वस्त यंत्रं आधीचा आकडा नंतरच्या आकड्यातून वजा करतात आणि उरलेला आकडा ज्याच्याशी जुळेल त्याचं नाव देतात. पण एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटचे आकडे असे सरळ बेरीज-वजाबाकीने चालत नाहीत. गिझरचा करंट व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकून चालतो. फ्रिजच्या मोटरचा करंट मागे रेंगाळतो. बहिणीच्या फ्रिजचा करंट १ अँपिअर होता आणि पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं धरलं तर तो सुमारे ५० अंश मागे होता. तिचा २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो. दोन्ही एकत्र चालले की ९.७ व्हायला हवेत, पण क्लॅम्प दाखवतो ९.३७. म्हणजे गिझर चालू असताना फ्रिज सुरू झाला की आकडा १ ने वाढत नाही, ०.६७ ने वाढतो. यंत्राच्या यादीत फ्रिजपुढे १ अँपिअर लिहिलेलं होतं, त्यामुळे हा ०.६७ वाला त्याला परका वाटला. ते 'अनोळखी उपकरण' म्हणजे तिचाच जुना फ्रिज होता.

हे कागदावर मांडलं, पण बहिणीला पटवायचं तर दाखवायला हवं होतं. म्हणून मी माझा क्लॅम्प लावला, ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा. (डीबी उघडायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या मीटरकडच्या टोकांना वीज असतेच. आणि क्लॅम्प एकाच वायरला लावायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात धरल्या तर वाचन शून्य येतं.) दर सेकंदाला ४००० वेळा करंट मोजला, म्हणजे प्रत्येक आवर्तनाचे ८० बिंदू मिळाले. आता आकड्यातून आकडा वजा न करता लाटेतून लाट वजा करायची, बिंदूला बिंदू. आधीची लाट काढून टाकली की नव्याने आलेल्या उपकरणाची एकट्याची लाट उरते.

यात माझीही पहिल्यांदा फसगत झाली. फ्रिज सुरू होताना क्षणभर सहापट करंट ओढतो, म्हणून तो स्थिरावेपर्यंत एक सेकंद थांबून नंतरची लाट घेतली. पण काहीच सुरू झालेलं नसतानाही असं एक सेकंदाच्या अंतराने घेतलेल्या लाटांच्या वजाबाकीत उरले चक्क २.७ अँपिअर! कारण शोधायला संध्याकाळ गेली. आपली वीज ५० हर्ट्झची म्हणतो, पण ती नेमकी ५० क्वचितच असते. त्या वेळी ४९.९५ होती. एवढ्याशा फरकाने एका सेकंदात लाट १ मिलिसेकंद, म्हणजे १८ अंश सरकते, आणि गिझरच्या ८.७ अँपिअरची लाट सरकलेल्या स्वतःतूनच वजा केली की २.७ अँपिअरचं भूत उभं राहतं. व्होल्टेजची तार जोडलेली असती तर लाटा तिच्याशी जुळवता आल्या असत्या. नुसत्या क्लॅम्पला तो आधार नाही. म्हणून बदलाच्या आधीच्या ५० आवर्तनांवरून आवर्तनाचा खरा काळ मोजला आणि त्या हिशेबाने नंतरची लाट सरकवून घेतली. हे नीट झालं की नाही ते कळायची सोपी खूण आहे. काहीच बदललेलं नसताना घेतलेल्या दोन लाटा वजा कराव्यात, शून्याजवळ उरलं पाहिजे. तसं उरत नसेल तर पुढचं काही करू नये.

पुढे ओळख ठरवणारा छोटा प्रोग्राम, ज्याला क्लासिफायर म्हणतात. बहिणीने घरातली आठ उपकरणं प्रत्येकी दहा वेळा चालू-बंद केली, काही वेळा इतर काही चालू असताना, आणि वहीत वेळ लिहिली. प्रत्येक नोंदीतून मी चारच गोष्टी काढल्या: उरलेल्या लाटेचा करंट, सुरुवातीचा झटका स्थिर करंटाच्या किती पट, लाटेतला तिसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ लाटेच्या तिप्पट वेगाने डोलणाऱ्या भागाचा वाटा, आणि उपकरण किती वेळ चालू राहिलं. टीव्ही आणि चार्जर व्होल्टेजच्या शिखरापाशीच करंट ओढतात, म्हणून त्यांची लाट टोकदार असते आणि तिसरा हार्मोनिक भरपूर निघतो. मिक्सरला झटका असतो पण तो मिनिटभरात थांबतो. नवी नोंद आली की या ऐंशीपैकी तिच्या सर्वांत जवळच्या पाच नोंदी शोधायच्या आणि त्यांत बहुमत ज्याचं, ते नाव द्यायचं. इतकंच. मात्र चारही मापं आधी एका पट्टीवर आणावी लागतात, नाहीतर सेकंदांचे मोठे आकडे अँपिअरच्या छोट्या आकड्यांना गिळून टाकतात. आणि त्या पाचही नोंदी फार लांबच्या असतील तर प्रोग्रामने 'माहीत नाही' म्हणावं.

चौथ्या रात्री २ वाजून ५० मिनिटांनी ती नोंद आली. उरलेली लाट १ अँपिअर, झटका सहापट, तिसरा हार्मोनिक जेमतेम, आणि आधीपासून चालू असलेल्या ८.७ अँपिअरच्या लाटेच्या ५० अंश मागे. जवळच्या पाचही नोंदी फ्रिजच्याच.

पण मग पहाटे तीनच्या सुमारास ८.७ अँपिअर कोण घेत होतं? इथे प्रोग्राम म्हणाला, इस्त्री! बहिणीची वाफेची इस्त्रीही २००० वॉटची. इस्त्री आणि गिझर दोन्हींत नुसती तार तापते, त्यामुळे लाट हुबेहूब, झटका नाही, हार्मोनिक नाही. उपकरण बंद होईपर्यंत न थांबता घाईने उत्तर मागितलं की ही चूक होणारच. इस्त्रीचा थर्मोस्टॅट काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असा खेळत राहतो. हा लोड सलग पाच मिनिटं राहिला आणि मग चार तासांनी पुन्हा आला. तो गिझर होता. स्विचमधला लाल दिवा गेलेला, त्यामुळे थंडी पडल्यापासून तो चोवीस तास चालूच राहिला आणि थंड होणारं पाणी पुन्हा पुन्हा तापवत राहिला. पाच मिनिटं, दिवसातून सहा वेळा, म्हणजे रोज १ युनिट आणि महिन्याला ३०. बिलातली वाढही जवळपास तेवढीच होती.

हा शोध लागला कारण फ्रिज जुना होता. इन्व्हर्टर फ्रिज किंवा इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो. त्यात पकडायला पायरीच नसते आणि ही पद्धत तिथे अडते. ९ वॉटचा एलईडी दिवा ०.०४ अँपिअरचा, तो या क्लॅम्पच्या खरखरीत बुडून जातो. आणि '९० टक्के अचूक' अशा जाहिरातीवर विश्वास ठेवण्याआधी प्रत्येक उपकरणाची अचूकता वेगळी विचारावी. फ्रिज दिवसातून चोवीस वेळा सुरू होतो आणि गिझर दोनदा. सगळ्यालाच फ्रिज म्हणणारा प्रोग्रामही ९० टक्क्यांच्या वर जातो.

अमेरिकेतल्या एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि त्यावरचा त्यांचा मुख्य निबंध १९९२ साली आला. ते व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजत होते. अशा मापनातून घरातल्या माणसांवर पाळत ठेवता येईल, हा इशाराही त्यांनीच १९८९ मध्ये दिला होता. आपल्या लेखात त्याचा उल्लेख हवा होता. क्लॅम्पचा डेटा बाहेरच्या सर्व्हरवर जात असेल तर बाई घरी एकटी आहे हेही त्यातून कळतं.

माझी विनंती एवढीच, की वीजचोर पकडण्याबद्दलचं ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावं आणि मेन स्विच बंद करून मीटरचा दिवा पाहायची कृती त्यासोबत छापावी. बहिणीने स्विच बदलून घेतला आहे. फ्रिज तोच आहे. गिझर आता सकाळी अर्धा तासच चालतो, आणि त्या अर्ध्या तासात फ्रिज सुरू झाला की तिच्या मोबाइलवर अजूनही 'अनोळखी उपकरण' येतं.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कळवा, ठाणे