नव्वद टक्के लोन म्हणजे नक्की कशाच्या नव्वद टक्के?

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या प्रॉपर्टीच्या पानावर दर आठवड्याला ‘90 टक्क्यांपर्यंत होम लोन’ असं छापून येतं. मी 26 वर्षं बँकेत कर्ज विभागात होतो, आत्ताच रिटायर झालोय, म्हणून राहवलं नाही आणि लिहायला बसलो.

माझ्या भाच्याचंच सांगतो. पुण्यात रिसेलचा वन बीएचके, 36 लाखांना ठरला. एजंट म्हणाला दहा टक्के तुमचे, बाकी बँक देते, म्हणजे 3 लाख 60 हजार भरा आणि चावी घ्या. भाच्याने त्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के आणि नोंदणी फी असे साधारण 2 लाख 80 हजार धरले आणि टोकन देऊन मोकळा झाला. मग बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला आणि त्याने रिपोर्टमध्ये किंमत लिहिली 33 लाख, कारण बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही.

आता बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यातली जी कमी असेल ती धरते. एलटीव्ही म्हणजे कर्ज भागिले ही किंमत, तुमचा सौदा कितीला झाला ते नाही. आणि स्टॅम्प ड्युटी, नोंदणी यात धरायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2012 पासूनच सांगितलंय. तर 33 लाखांचे 90 टक्के म्हणजे 29 लाख 70 हजार. उरलेले 6 लाख 30 हजार आणि वरचे 2 लाख 80 हजार, मिळून 9 लाख 10 हजार खिशातून. पोराने तयारी केली होती 6 लाख 40 हजारांची! व्हॅल्युएशन 36 लाख आलं असतं तरी एजंटचा हिशोब जमला नसता, कारण 90 टक्क्यांची सवलत फक्त 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे, त्यावर 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्याच्याही वर 75 टक्के. 36 लाखांचे 90 टक्के होतात 32 लाख 40 हजार, म्हणजे ते बसतच नाही.

एजंटने लगेच तोडगा काढला की पर्सनल लोन घ्या. मी भाच्याला म्हटलं, अरे थांब, ते सिबिलला दिसतं, त्याचा हप्ता तुझ्या पगारातून वजा धरतात आणि होम लोनच कमी बसतं. त्यापेक्षा बँकेला विचार की कर्ज 80 टक्क्यांवर आणलं तर रेट काय देता. त्याला 90 ला 8.75 आणि 80 ला 8.50 सांगितला.

हा पाव टक्का बँकेची मेहरबानी नाही, त्यामागे धोक्याचा हिशोब आहे. समजा दोन वर्षांनी हप्ते थांबले. सुरुवातीच्या हप्त्यात मुद्दल किरकोळच जातं, 29 लाख 70 हजारांतले साधारण साडेअठ्ठावीस लाख बाकीच असतात. लिलावात फ्लॅट बाजारभावाने जात नाही, धरा 27 लाखांना गेला, तर बँकेचे दीड लाख बुडाले आणि थकलेलं व्याज, नोटिशींचा खर्च वेगळा. बरं, ते कमी पडलेले पैसेसुद्धा कर्जदाराकडूनच मागतात, घर गेलं म्हणजे कर्ज संपलं असं नसतं. तेच कर्ज 80 टक्क्यांचं, म्हणजे 26 लाख 40 हजारांचं असतं तर बाकी सव्वापंचवीस लाखांच्या आसपास, त्याच लिलावात बँक सुटली असती.

दुसरं कारण लोकांना माहीत नसतं. प्रत्येक कर्जामागे बँकेला स्वतःचं भांडवल अडकवून ठेवावं लागतं. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमात 80 टक्क्यांपर्यंत एलटीव्ही असेल तर जोखमीचं वजन, म्हणजे कर्जाचा किती हिस्सा जोखमीचा धरायचा ते, 35 टक्के आणि त्यावर 50 टक्के. त्या हिश्श्यावर किमान 9 टक्के भांडवल मोजलं तर भाच्याच्या मोठ्या कर्जामागे सुमारे 1 लाख 34 हजार अडकतात आणि लहान कर्जामागे 83 हजार. ते पैसे फुकट नसतात, रेटमध्येच येतात. म्हणूनच 85 चे 82 करून रेटमध्ये फारसं काही मिळत नाही, 80 च्या आत आलात तर बोलणी होतात.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. 20 वर्षांचा हप्ता 26,246 वरून 22,910 वर येतो, पण त्यातले पाव टक्क्याचे जेमतेम 420 रुपये, बाकी सगळी घट कर्जच लहान झाल्याची आहे. म्हणून रेट कमी करायला हाताशी ठेवलेला आजारपणाचा पैसा घालू नका, असं मी भाच्यालाही सांगितलं. त्याने आईकडची एफडी मोडली नाही, विक्रेत्याला व्हॅल्युएशनचा रिपोर्ट दाखवला आणि सौदा 34 लाखांवर आणला. कर्ज मात्र 29 लाख 70 हजारच घेतलं, 8.75 ने.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी ‘90 टक्के’ छापाल तेव्हा त्याच ओळीत ‘30 लाखांपर्यंतच्या कर्जाला, व्हॅल्युएशन किंवा करारातली किंमत यातल्या कमी रकमेवर, स्टॅम्प ड्युटी सोडून’ एवढं तरी टाका.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे